कोपरीतला जुना फ्लॅट: न मिळालेल्या वीस लाखांवरचा कर

ठाणे पूर्वेला कोपरीत भाऊ-बहिणीने वडिलांचा फ्लॅट ८८ लाखांना विकला. सरकारी हिशेबाने त्याची किंमत १ कोटी ८ लाख ४० हजार होती. मधल्या २० लाख ४० हजारांचा एक रुपयाही त्यांना मिळाला नव्हता, तरी आयकर कायद्याने तो मिळाला असे धरले. मी या प्रकरणात भावाचा कर सल्लागार होतो. ओळख पटू नये म्हणून रकमा आणि काही तपशील बदलले आहेत, हिशेबाची चौकट तीच आहे. दोघांना इथे दादा आणि ताई म्हणतो.

पार्श्वभूमी

वडिलांनी हा फ्लॅट १९९२ साली, इमारत नवीन असताना घेतला. चौथा मजला, वर थेट गच्ची. वडील २०१६ मध्ये गेले आणि फ्लॅट दोघांच्या नावे निम्मा-निम्मा आला. दादा ठाण्यातच राहतात, ताई नाशिकला.

२०२२ पर्यंत इमारतीची रया गेली होती. लिफ्ट चार वर्षे बंद होती. गच्चीतून गळणारे पाणी दोन खोल्यांच्या छतावर उतरायचे. महापालिकेने इमारत सी-२बी वर्गात टाकलेली, म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती करण्याजोगी. पुनर्विकासाचा विषय काढला की सोसायटीत दोन तट पडायचे आणि त्यातला एक तट कोर्टात गेला होता. विकासक येईल या आशेवर जास्त भाव देणारे गिऱ्हाईक त्यामुळे फिरकतच नव्हते. आठ महिन्यांत तीन जण पाहून गेले. त्यातल्या एका नोकरदार तरुणाशी ८८ लाखांना सौदा ठरला.

२० फेब्रुवारी २०२२, रविवार. एजंटच्या ऑफिसात विसार पावती झाली. शकुन म्हणून ११ हजार रोख घेतले. त्याच दिवशी पाचशेच्या स्टँप पेपरवर किंमत, मुदत, सह्या असा रीतसर करारही झाला. चार लाखांची पहिली मोठी रक्कम २३ तारखेला बँकेतून आली. या तीन दिवसांना पुढे महत्त्व येणार होते, पण त्या रविवारी तसे कुणाच्या मनातही आले नाही.

मार्चमध्येच नोंदणी उरकायची सगळ्यांची इच्छा होती. १ एप्रिल २०२२ पासून रेडी रेकनरचे, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकार ठरवते ते, दर वाढणार, मुद्रांक शुल्कावर मेट्रोचा एक टक्का अधिभार लागणार, म्हणून दुय्यम निबंधकांच्या कार्यालयांबाहेर रांगा लागल्या होत्या. पण सोसायटीचा भागदाखला अजून वडिलांच्याच नावावर होता. तो बदलून ना-हरकत दाखला मिळेपर्यंत मे उजाडला. करार नोंदला गेला १० जून २०२२ ला.

प्रश्न नेमका काय होता

१९६१ च्या आयकर कायद्याचे कलम ५०सी २००३ मध्ये लागू झाले. जमीन किंवा इमारत विकताना करारातली किंमत मुद्रांक शुल्कासाठी धरलेल्या मूल्यापेक्षा कमी असेल, तर भांडवली नफा काढताना मुद्रांकाचे मूल्य हीच विक्रीची किंमत मानली जाते. २०२०-२१ या आर्थिक वर्षापासून दहा टक्क्यांची सवलत आहे. मुद्रांकाचे मूल्य करारातल्या किमतीच्या ११० टक्क्यांपर्यंत असेल तर करारातली किंमत चालते. पण ११० टक्क्यांच्या वर एक रुपया गेला तरी फक्त वरचा भाग नव्हे, सगळा फरक करपात्र होतो. ८८ लाखांचे ११० टक्के म्हणजे ९६ लाख ८० हजार. आपले मूल्य त्याच्या बरेच वर होते.

सरकारी मूल्य इतके का आले, हा दादांचा पहिला प्रश्न होता. "तीस वर्षांच्या इमारतीला घसारा धरत नाहीत का?" धरतात. मूल्यांकनाच्या छापील पानावर त्याचे सूत्र दिलेलेच असते. फ्लॅटच्या दरातून खुल्या जमिनीचा दर वजा करायचा, उरलेल्या भागालाच घसारा लावायचा आणि जमिनीचा दर पूर्ण परत मिळवायचा. इथे फ्लॅटचा दर चौरस मीटरला १,६१,००० आणि जमिनीचा ७६,००० होता. मधल्या ८५,००० चे सत्तर टक्के ५९,५००, अधिक ७६,०००, असा १,३५,५०० दर आला. बांधीव क्षेत्र ८० चौरस मीटर, म्हणून १,०८,४०,०००. घसारा तीस टक्के म्हटला, तरी दर प्रत्यक्षात सोळा टक्क्यांच्या आसपासच उतरला. जिथे जमीन महाग तिथे इमारत जुनी झाल्याचा फायदा असाच पातळ होतो. गळती, कोर्टातला वाद, बंद लिफ्ट यांना त्या पानावर जागाच नाही. लिफ्ट आहे का, एवढेच विचारले जाते, आणि लिफ्ट तर होती!

कर एकट्या विकणाऱ्यालाच लागतो असेही नाही. कलम ५६(२)(एक्स) प्रमाणे तोच फरक घेणाऱ्याचे 'इतर उत्पन्न' ठरतो आणि त्यावर त्याच्या टप्प्याप्रमाणे कर बसतो. आमचा खरेदीदार तीस टक्क्यांच्या टप्प्यात होता, उपकर धरून ३१.२ टक्के. २० लाख ४० हजारांवर त्याचा कर ६,३६,००० च्या पुढे जात होता. दादा आणि ताईंचा मिळून जास्तीचा कर ४,२४,००० च्या घरात, म्हणजे खरेदीदाराचा बोजा अधिक मोठा. त्याच्या सल्लागाराने हे सांगितले तेव्हा त्याने किंमत तीन लाखांनी कमी करा म्हटले. किंमत उतरली की फरक आणखी वाढतो, हे त्याला कागदावर मांडून दाखवल्यावर तो विषय मिटला.

कोणते मार्ग होते

नोंदणीच्या आठवडाभर आधी दादा माझ्याकडे आले. इतक्या उशिरा आले ही खरी अडचण, पण बहुतेक प्रकरणे याच वेळी येतात.

एजंटचा उपाय तयार होता. करारात ९८ लाख ५५ हजार लिहा, म्हणजे दहा टक्क्यांत बसेल, आणि वरची रक्कम घेणाऱ्याला रोख परत द्या. आकडा त्याने अचूक काढला होता, एवढे श्रेय त्याला द्यायला हवे. पण हा खोटा दस्त झाला. खरेदीदाराचे कर्ज फुगवलेल्या किमतीवर निघणार आणि परत दिलेल्या रोखीचा हिशेब कुणालाच देता येणार नाही. तो मार्ग आम्ही चर्चेतूनच काढून टाकला.

दुसरा मार्ग विसार पावतीच्या तारखेचा. किंमत आधी ठरली आणि नोंदणी नंतर झाली, तर ५०सी मध्ये कराराच्या तारखेचे मुद्रांक मूल्य धरता येते. फेब्रुवारीचे मूल्य १,००,२०,००० होते. तेही ९६ लाख ८० हजारांच्या वर, पण फरक २०.४ वरून १२.२ लाखांवर आला असता. अट अशी की किमतीचा काही भाग कराराच्या दिवशी किंवा त्याआधी बँकेमार्फत मिळालेला हवा. धनादेश, एनईएफटी, यूपीआय, काहीही चालते. रोख चालत नाही. आमच्याकडे त्या दिवसाचे ११ हजार रोख होते आणि बँकेतले चार लाख तीन दिवसांनी आलेले. रविवारी एक हजार रुपये यूपीआयने आले असते तरी अट पुरी झाली असती.

तिसरा मार्ग, मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे मूल्याबद्दल दाद मागण्याचा. ते खरेदीदाराने करायचे, कारण शुल्क त्याचे, आणि त्याच्या कर्जमंजुरीची मुदत संपत आली होती. यात आणखी एक गुंता आहे. मुद्रांकाच्या बाजूला अपिलात वाद घातला, तर आयकर विभागाच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडून किंमत ठरवून घेण्याचा हक्क जातो. दोन्ही दारे एकदम ठोठावता येत नाहीत.

उरला चौथा मार्ग. ५०सी च्या पोटकलम २ खाली, मुद्रांक मूल्य खऱ्या बाजारभावापेक्षा जास्त आहे असा दावा कर अधिकाऱ्यापुढे केला, तर तो प्रकरण विभागाच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवू शकतो. त्याने काढलेली किंमत मुद्रांकाच्या मूल्यापेक्षा कमी आली तर ती धरतात. जास्त आली तर मुद्रांकाचेच मूल्य राहते, म्हणजे मूल्याच्या बाबतीत गमावण्यासारखे काही नाही. आम्ही हा मार्ग धरला.

नवी मुंबईच्या वाचकांसाठी एक बाजूची गोष्ट. सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेल्या भूखंडाच्या एका प्रकरणात मुंबईच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने २०११ साली म्हटले होते की भाडेपट्ट्याचा हक्क म्हणजे जमीन किंवा इमारत नव्हे, म्हणून त्याला ५०सी लागत नाही. सिडकोच्या जमिनीवरच्या प्रत्येक फ्लॅटला ते आपोआप लागू होते असे समजू नये. कोपरीची जमीन मालकीची असल्याने आमच्याकडे तो मुद्दाच नव्हता.

काय केले

नोंदणीआधी दादांना तीन कामे सांगितली आणि त्यांनी ती केली. गळतीचे, छताच्या सळ्या उघड्या पडल्याचे, बंद लिफ्टचे तारखेसह फोटो काढले. नोंदणीकृत मूल्यांककाकडून विक्रीच्या तारखेचा अहवाल घेतला, त्यात किंमत ८९ लाख ५० हजार आली. आणि खरेदीदाराला विनंती करून त्याच्या बँकेच्या मूल्यांकनाची प्रत मिळवली. बँकेने ९० लाख धरले होते. माझ्या मते तिन्हींत हा कागद सर्वांत वजनदार. तो विकणाऱ्याने पैसे देऊन करून घेतलेला नव्हता, आणि ज्या दिवशी झाला त्या दिवशी कुणाच्या डोक्यात आयकर नव्हता.

आता हिशेब. फ्लॅट जुना, म्हणून खरेदीच्या किमतीऐवजी १ एप्रिल २००१ ची किंमत धरली, दहा लाख. महागाई निर्देशांक ३३१ ने ती ३३ लाख १० हजार झाली. ८८ लाखांवर नफा ५४ लाख ९० हजार, म्हणजे दादांच्या वाट्याला २७ लाख ४५ हजार. कलम ५४ईसी च्या रोख्यांत गुंतवलेल्या नफ्यावर कर लागत नाही, म्हणून त्यांनी सहा महिन्यांच्या मुदतीत २७ लाख ५० हजारांचे रोखे घेतले. हातात आलेल्या नफ्यावरचा कर शून्य. मात्र मुद्रांक मूल्याने त्यांचा नफा ३७ लाख ६५ हजार होत होता. वरच्या १० लाख १५ हजारांवर, उपकर धरून २०.८ टक्क्यांनी, २,११,१२० रुपये कर निघत होता. तो सगळा न मिळालेल्या पैशांवरचा.

जुलै २०२३ मध्ये रिटर्न भरताना खरी कोंडी झाली. भांडवली नफ्याच्या तक्त्यात मिळालेली किंमत आणि मुद्रांकाचे मूल्य असे दोन रकाने आहेत. दुसरा पहिल्याच्या ११० टक्क्यांहून जास्त असेल तर दुसराच धरायचा. 'मला हे मूल्य मान्य नाही' असे म्हणायला रकाना नाही, आणि रिटर्नला कागद जोडता येत नाहीत. म्हणजे खरा आकडा भरला की दावाच मरतो. आम्ही मूल्यांककाचा ८९ लाख ५० हजारांचा आकडा भरला, दाव्याचे पत्र त्याच दिवशी तारखेसह तयार करून ठेवले आणि दादांना स्पष्ट सांगितले की विभागाच्या वार्षिक माहिती विवरणात १ कोटी ८ लाख ४० हजार दिसत आहे, नोटीस येईल. सगळे सल्लागार असे करत नाहीत, आणि त्यांचे चुकते असेही मी म्हणणार नाही.

ताईंच्या नाशिकच्या सल्लागाराने सरळ मुद्रांक मूल्य भरले. ताईंनी रोखे घेतले नव्हते. त्यांनी ७,८३,१२० रुपये कर भरून टाकला. "भांडण नको," असे त्या म्हणाल्या.

जून २०२४ मध्ये दादांना छाननीची नोटीस आली. आम्ही पत्र, अहवाल, फोटो, सोसायटीच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते आणि बँकेचे मूल्यांकन दाखल करून मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवण्याची लेखी मागणी केली. सप्टेंबरात प्रकरण तिकडे गेले.

मूल्यांकन अधिकाऱ्याने जागा पाहायची म्हटले आणि इथे आम्ही अडखळलो. जागा आता दादांची नव्हती. खरेदीदाराने घर चकाचक करून घेतले होते, गच्चीवर पत्र्याचे छत आले होते. दादांनी फोन केला. "काका, या ना, त्यात काय," एवढेच म्हणून त्याने दार उघडले. त्याचे हितही त्यातच होते म्हणा. आत पाहण्यासारखे जुने काहीच उरले नव्हते, आणि जून २०२२ चे फोटो नसते तर पाहणीचा उलट परिणाम झाला असता.

त्यानंतर तुलनेच्या सौद्यांचा मुद्दा आला. अधिकाऱ्याने परिसरातले पाच व्यवहार सूची-२ मधून, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या सरकारी नोंदीतून, काढले होते. पाचही रेडी रेकनरच्या आसपास, थोडे वरच. त्यात नवल काही नाही. ५०सी टाळायचे म्हणून माणसे करार सरकारी मूल्याच्या खाली नोंदतच नाहीत, आणि तेच करार पुढे बाजारभावाचा पुरावा म्हणून समोर येतात. आमची हरकत अशी होती की पाचपैकी एकही इमारत कोर्टात अडकलेली नाही आणि एकही फ्लॅट गच्चीखालचा नाही. त्यावर अधिकाऱ्याने वजावट दिली, आम्ही मागितली तेवढी नव्हे.

निकाल

फेब्रुवारी २०२५ च्या अहवालात किंमत ९३ लाख ६० हजार आली. मार्चमध्ये निर्धारण आदेश, म्हणजे कर ठरवणारा आदेश, निघाला. दादांच्या वाट्याचा नफा ३० लाख २५ हजार, रोखे वजा जाता २ लाख ७५ हजार करपात्र. कर ५७,२००, वर व्याज. २,११,१२० पासून इथवर.

९३ लाख ६० हजार हे ८८ लाखांच्या ११० टक्क्यांच्या आत बसतात. मग ८८ लाखच का धरले नाहीत? अधिकाऱ्याने दहा टक्क्यांची सवलत फक्त मुद्रांकाच्या मूल्याला आहे असे मानले. मूल्यांकन अधिकाऱ्याच्या किमतीलाही ती द्यावी, असे न्यायाधिकरणाच्या काही खंडपीठांनी म्हटले आहे. आमच्या उत्तरात हा मुद्दा एका ओळीत होता. स्वतंत्र मागणी म्हणून, निर्णयांच्या दाखल्यांसह मांडायला हवा होता. ती चूक माझी. अपिलाची फी हजार रुपये होती, पण दादांना आता हे संपवायचे होते. त्यांनी पैसे भरले.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत स्वस्त उपाय त्या रविवारचा होता, तो वर आलाच आहे. एजंट किंवा वकील विसार पावती करतो तेव्हा शकुनाची रोख ठेवावी खुशाल, पण त्याच दिवशी, सही होण्याआधी, थोडी रक्कम बँकेतून घ्यावी आणि व्यवहाराचा क्रमांक पावतीतच लिहावा.

दुसरी गोष्ट मला अजून खटकते. दादांच्या वाट्याला ४४ लाख आले होते. त्यांनी २७ लाख ५० हजारांऐवजी ३७ लाख ७० हजारांचे रोखे घेतले असते, तर मुद्रांक मूल्य जसेच्या तसे भरूनही कर शून्य झाला असता. ना नोटीस, ना पाहणी. ५४ईसी ची मर्यादा ५० लाख आहे, जागा भरपूर होती. मी हा पर्याय सांगितला होता, पण 'मिळालेच नाहीत ते पैसे का अडकवू' असा दादांचा सवाल होता आणि मी तो ताणला नाही. पाच वर्षे बिनवापराचे दहा लाख एकीकडे आणि पावणेदोन वर्षांची धावपळ दुसरीकडे, असे मांडून दाखवले असते तर कदाचित त्यांनी वेगळे ठरवले असते.

आणि भाऊ-बहिणीने एकाच फ्लॅटसाठी दोन वेगळ्या किमती भरल्या, हे व्हायला नको होते. सहमालकांचे निर्धारण वेगवेगळे होते, एकाला मिळालेला मूल्यांकन अहवाल दुसऱ्याला आपोआप लागू होत नाही. आज त्याच भिंतींची किंमत दादांच्या आदेशात ९३ लाख ६० हजार आहे आणि ताईंच्या रिटर्नमध्ये १ कोटी ८ लाख ४० हजार. अहवालाप्रमाणे ताईंचा कर ६,२९,२०० झाला असता, म्हणजे त्यांनी १,५३,९२० जास्त भरले. सुधारित रिटर्नची मुदत डिसेंबर २०२३ मध्येच संपली. कलम २६४ खाली आयुक्तांकडे फेरविचाराचा अर्ज करता येतो, त्याला मुदत एक वर्षाची, आणि अहवाल आला तोवर तीही उलटली होती. पुरेसे कारण असेल तर आयुक्त विलंब माफ करू शकतात. दादांचा अहवाल आणि आदेश जोडून, विलंबाचे कारण लिहून ताईंनी तो अर्ज आता केला आहे.